11 महिने, 14,000 किमी: रीजन झकास, पण घाटमाथ्यावरून बॅटरी फुल्ल करून निघू नका

गाडी कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं याच वर्गातल्या कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीला लागू आहे. 40 युनिटांची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, पुढच्या चाकांना एक मोटर, मागे ड्रम ब्रेक, आणि रीजनचे 0 ते 3 असे स्तर. रीजन म्हणजे पाय उचलल्यावर मोटरनेच गाडी मंदावायची आणि त्यातून आलेली वीज बॅटरीत परत भरायची. रेंज, पिकअप, बूट, स्क्रीन यांवर भरपूर लिहून झालंय. मी फक्त रीजनवर लिहिणार आहे. निमित्त पाचगणीचं. हॉटेलच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावलेली गाडी सकाळी 100 टक्के दाखवत होती. पसरणी घाटात पाय उचलला तर गाडी थांबायचं नावच घेईना. स्तर 3 लावलेला, तरी काही नाही. स्क्रीनवर एरवी हिरवी असणारी पट्टी राखाडी झालेली, एवढाच काय तो फरक.

सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डावर ‘नॉर्मल आहे’ एवढं लिहून गाडी परत दिली. तेव्हा संताप झाला होता. आता मान्य करतो की त्यांचं अर्धं खरं होतं. दोष नव्हता. पण ‘नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय, ते काउंटरवर कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून हे लांबलचक लिखाण.

आधी रीजन होतं कसं ते. ‘मोटर उलटी फिरून डायनॅमो होते’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मोटर उलटी फिरत नाही. ती त्याच दिशेने फिरत असते, फक्त तिचा पिळा, म्हणजे टॉर्क, उलट दिशेला लागतो. हे काम बॅटरी आणि मोटर यांच्या मधला इन्व्हर्टर करतो. चुंबक गुंडाळ्यांसमोरून जातात तेव्हा गुंडाळ्यांत व्होल्टेज तयार होतं, पण 30-40 च्या वेगाला ते बॅटरीच्या 320 व्होल्टपेक्षा बरंच कमी असतं. मग करंट बॅटरीकडे चढतो कसा? इन्व्हर्टरमधले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. स्विच जोडलेला असताना गुंडाळीत करंट साठत जातो, आणि स्विच सुटला की तो करंट वाट शोधत बॅटरीत ढकलला जातो. हातपंपासारखंच आहे: थोडं थोडं करून पाणी वर चढवायचं. म्हणून ‘वेग जास्त असेल तरच रीजन होतं’ हा समज चुकीचा आहे. कमी वेगातही होतं, फक्त मिळकत घटत जाते.

किती घटते ते बघा. पाच जण आणि सामान धरून गाडी 1,700 किलोंची समजू. ताशी 50 किमीला तिच्यात 45 वॅट-तासांची गतिज ऊर्जा असते, म्हणजे युनिटाचा बाविसावा हिस्सा. थांबेपर्यंत त्यातली थोडी टायर आणि हवा खातात. उरलेल्यातून गिअर, मोटर आणि इन्व्हर्टरचा तोटा वजा जाता बॅटरीत साधारण 34 पोचतात. तीच ऊर्जा पुन्हा चाकापर्यंत आणताना परत कात्री लागते आणि हाती 29 च्या आसपास उरतात. पंचेचाळीस दिले, एकोणतीस आले. सिग्नलवर हा व्यवहार फायद्याचाच, कारण साध्या ब्रेकमध्ये जवळजवळ सगळे पंचेचाळीस ब्रेकच्या उष्णतेत जातात.

शेवटच्या 8 किमी वेगाखाली रीजन सुटतं आणि गाडी जरा पुढे सरकल्यासारखी वाटते. त्याबद्दल सुरुवातीला मी बरीच कुरकुर केली. हिशोब केल्यावर गप्प बसलो. 8 च्या वेगाला गाडीत 1.2 वॅट-तासच शिल्लक असतात. उलट तेवढाच टॉर्क टिकवायला गुंडाळीत करंट मात्र पूर्वीइतकाच लागतो आणि तांब्यातलं तापणं तेवढंच राहतं. 2 च्या वेगाला चाकाकडून दीड किलोवॅटही येत नाही, आणि तांबंच त्याहून जास्त खातं. म्हणजे तिथे रीजन चालू ठेवलं तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते. ज्या गाड्या एकाच पेडलवर पूर्ण थांबतात, त्या शेवटच्या हातभर अंतरात बॅटरीतली ऊर्जा खर्चूनच थांबतात. सोय आहे, बचत नाही.

दुसरं टोक वेगाचं. माझ्या गाडीत रीजनची कमाल 30 किलोवॅट आहे. हायवेवर 100 च्या वेगाला 30 किलोवॅट म्हणजे चाकावर जेमतेम 1,080 न्यूटनची ओढ. 40 च्या वेगाला तेच 30 किलोवॅट 2,700 न्यूटन देतात. म्हणून गावात पाय उचलला की गाडी नाक खुपसते, आणि एक्स्प्रेस वेवर तोच स्तर 3 मवाळ वाटतो. बिघाड समजून सर्व्हिस सेंटरला फोन करू नका. शक्ती तेवढीच आहे, ती जास्त वेगावर वाटली गेली की ओढ कमी येते.

आता मूळ दुखण्याकडे. बॅटरी भरलेली असली की रीजन का बंद?

माझ्या पॅकमध्ये 100 च्या आसपास एलएफपी सेल एकामागोमाग जोडलेले आहेत. प्रत्येक सेलला 3.65 व्होल्टची लक्ष्मणरेषा आहे. चार्जिंग संपल्यावर सेल 3.35-3.4 व्होल्टवर विसावतो, त्यामुळे कागदावर अजून बरीच जागा दिसते. पण एलएफपीची गंमत अशी की मधल्या सगळ्या पट्ट्यात तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, आणि शेवटच्या दोन-तीन टक्क्यांत ते भिंतीसारखं उभं चढतं. रीजनचे 30 किलोवॅट म्हणजे 320 व्होल्टला 94 अँपिअर. भरलेल्या सेलमध्ये एवढा करंट घुसवला तर काही सेकंदांत तो रेषेपार जाईल. त्यात सगळे सेल सारखे भरलेले नसतात. जो सर्वात जास्त भरला आहे, तो सगळ्या पॅकची मर्यादा ठरवतो. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, इन्व्हर्टरला सांगतं, ‘आत काही पाठवू नकोस’, आणि इन्व्हर्टर निमूट ऐकतो.

गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी पोर्टात ब्लूटूथ डोंगल लावून ही मर्यादा वाचता येते. पॅक करंट, सर्वात जास्त सेल व्होल्टेज आणि कमाल चार्ज पॉवर हे तीन आकडे शोधायचे. माझ्या गाडीत 100 टक्क्यांना कमाल चार्ज पॉवर शून्य दिसते, 98 ला 6-7 किलोवॅट, 95 ला 18, आणि 92 च्या खाली आल्यावर पूर्ण 30. तुमच्या गाडीत आकडे वेगळे असतील, पण आकड्यांचा कल असाच असेल. डोंगल शे-पाचशेचं आहे, आणि काउंटरवरच्या दहा ‘नॉर्मल आहे’पेक्षा जास्त बोलतं.

इथे बहुतेकांची एक गफलत होते, माझीही झाली होती: ‘असू दे की, दोन-चार किलोमीटर गेल्यावर बॅटरीत जागा होईलच’. सपाट रस्त्यावर होईल. घाट उतरताना होणार नाही, कारण उतारावर गाडी काही खर्चच करत नाही. पाचगणीच्या टोकापासून वाईपर्यंत वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात एसी जास्तीत जास्त तिसरा हिस्सा युनिट खातो, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. वर 100 असेल तर खाली 99. सबंध घाट राखाडी पट्टीत जातो. पेट्रोल गाडीत निदान दुसरा गिअर टाकून इंजिन ब्रेकिंग मिळतं. इथे गिअर एकच, त्यामुळे उरतात ते फक्त ब्रेक.

पसरणीचा हिशोब पूर्ण करतो. पाचगणी सुमारे 1,300 मीटर, वाई 720 च्या आसपास. उतार साधारण 575 मीटर, रस्ता 12 किलोमीटर. 1,700 किलो 575 मीटर खाली आणताना 2.66 युनिट सुटतात. त्यातले 0.6 टायर आणि 0.13 हवा खाते, 35 च्या वेगाने उतरलात तर. उरतात 1.9 युनिट. रीजन चालू असेल तर त्यातले 1.6 बॅटरीत जातात, म्हणजे 40 युनिटांच्या बॅटरीत 4 टक्के. रीजन बंद असेल तर ते सगळेच्या सगळे डिस्क आणि ड्रममध्ये. 1.9 युनिट उष्णता म्हणजे नळाचं 22 लिटर पाणी उकळीला येईल एवढी. दोन बादल्या गरम पाणी, पुढच्या डिस्कवर आणि मागच्या ड्रमवर वाटलेलं.

पैशांत बोलायचं तर घरच्या मीटरला युनिटमागे 8 रुपये धरून ते 1.6 युनिट होतात 13 रुपयांचे. होय, 13 रुपयांसाठी मी जॉबकार्ड उघडलं होतं. घरच्यांनी हे पुरेसं ऐकवलंय. पण मुद्दा 13 रुपयांचा नाही, ब्रेक ऑइलचा आहे.

इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत, म्हणून ब्रेककडे कुणी बघतच नाही. ऑइल मात्र वर्षागणिक हवेतली ओल शोषत राहतं. डॉट 4 चं ताजं ऑइल किमान 230 अंशांना उकळायला लागतं, आणि ओल शोषलेलं 155 ला. डॉट 3 असेल तर हेच आकडे 205 आणि 140. घाटात कॅलिपर तापून ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खोल जातं, कारण वाफ दाबली जाते आणि द्रव दाबला जात नाही. जळकट वास ही पहिली खूण. तेवढ्यावर थांबून दहा-पंधरा मिनिटं ब्रेक गार होऊ द्यावेत, पण पाणी ओतू नये, तापलेली डिस्क वाकते. पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं तर ती शेवटची खूण समजा. आणि पूर्ण उतारभर हलका ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा दोन-तीन सेकंद ठाम दाबून वेग 40 वरून 25 वर आणायचा, मग सोडायचा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. हे ट्रकवाल्यांना कधीपासून माहीत आहे, आपण रीजनमुळे विसरलो. ऑइल दर 2 वर्षांनी, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी.

चार महिन्यांनंतरची दुरुस्ती. वरचा मजकूर आधी लिहिला तेव्हा निष्कर्ष होता: ‘स्तर 3 वर ठेवा, विसरून जा.’ आता तो मागे घेतो. हायवेवर स्तर 3 तोट्याचा आहे.

टोलनाका दिसतोय, वेग 80 वरून 40 वर आणायचा आहे. या दोन वेगांमधला फरक 0.087 युनिट. स्तर 3 वर पाय उचलला तर गाडी लगेच मंदावते, मग नाक्यापर्यंत पोचायला पुन्हा पेडल दाबावं लागतं. म्हणजे ऊर्जा बॅटरीत घातली, परत काढली, आणि प्रत्येक फेरीत तिसरा हिस्सा गमावला. स्तर 0 वर लांबूनच पाय उचलून गाडी नुसती घरंगळू दिली तर तीच ऊर्जा रूपांतर न होता थेट अंतरात बदलते. गाडी गती सांभाळून ठेवणारी सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे, तिला मध्ये दलाल लागत नाही. आता माझा शिरस्ता असा: शहरात 2 किंवा 3, हायवेवर 0 किंवा 1, घाट उतरताना 3.

यावरूनच ट्रिप स्क्रीनवरच्या आकड्याबद्दल. ‘या प्रवासात रीजनमधून 2.4 युनिट मिळाले’ असं वाचून छाती फुगते. तो आकडा एकाच ऊर्जेच्या दर फेरीची बेरीज आहे. जितकं उगाच पळवाल आणि थांबवाल तितका तो वाढतो. रीजनचा आकडा मोठा दिसणं हे कधीकधी वाईट चालवण्याचं प्रमाणपत्र असतं. किलोमीटरला किती युनिट लागले, तो एकच आकडा बघा.

अजून एक मत बदललं, ते ब्रेक पेडलचं. वाटायचं, पेडल दाबलं की आधी रीजन आणि मग ब्रेक. काही गाड्यांत खरंच तसं असतं. तिथे पेडलला जोडलेला सेन्सर किती दाबलं ते वाचतो, मोटर जेवढं झेलेल तेवढं तिला देतो आणि उरलेलंच कॅलिपरकडे जातं. बॅटरी भरलेली असेल तर सगळं गुपचूप कॅलिपरकडे जातं आणि पायाला फरक कळत नाही. काही गाड्यांत तर रीजन कमी पडलं की पाय नुसता उचलल्यावरही ब्रेक आपोआप लागतात. माझ्या गाडीत यातलं काहीच नाही. पाय उचलल्यावर जे रीजन होतं तेवढंच, ब्रेक पेडल दाबलं की त्यावरचं सगळं साधं हायड्रॉलिक. डोंगलवर हे पडताळता येतं: एकसारख्या उतारावर पाय उचलून पॅक करंट बघा, मग हळूच ब्रेक दाबा. करंट वाढला नाही, तर तुमच्या पेडलमध्ये रीजन नाही. अशा गाडीत बचत करायची तर ब्रेकला पाय लावायच्या आधी पाय उचलायची सवयच लागते.

खड्ड्याचा अनुभवही सांगून टाकतो, कारण नवीन मालक यालाच घाबरतात. स्तर 3 वर वेग कमी होत असताना पुढचं चाक खड्ड्यात किंवा रंबलर पट्टीवर उडालं, की क्षणभर गाडी पुढे झेपावल्यासारखी होते. हवेत गेलेलं चाक मोटरच्या उलट्या टॉर्कने पटकन मंदावतं, एबीएसला ते घसरण्यासारखं दिसतं आणि ते रीजन कापून टाकतं. गाडीचा वेग वाढलेला नसतो, मंदावणं थांबलेलं असतं. पायाने ब्रेक घट्ट दाबला की काम होतं. पावसात ओल्या उतारावर मी स्तर 1 वर येतो, कारण रीजनची सगळी ओढ पुढच्याच दोन चाकांवर असते.

पावसाळ्याचा उल्लेख आलाच आहे तर डिस्कचा गंज. आठवडाभर रीजनवरच चालवलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस थर येतो आणि पहिल्या ब्रेकला खर्र आवाज होतो. सर्व्हिस सेंटरने यासाठी ‘ब्रेक क्लीनिंग’ नावाचं बिल लावलं. पुढच्या वेळी नको म्हणून सांगा. आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर, स्तर 0 लावून 50-60 वरून पाच-सहा वेळा ठाम ब्रेक मारले की डिस्क चकचकीत होते. हे काम फुकट आहे.

आता घाटमाथ्यावरून निघताना करायचं काय. 1,700 किलोंच्या गाडीसाठी माझा ठोकताळा: दर 100 मीटर उताराला पाव युनिट परत येतं. पसरणीला साधारण दीड युनिट म्हणजे 4 टक्के. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर सव्वाबाराशे मीटर, तीन युनिट, म्हणजे 7-8 टक्के. यात वरच्या राखाडी पट्ट्याचे 5-6 टक्के मिळवा. पाचगणीत मुक्काम असेल तर चार्ज 90 वर थांबवायचा, आंबेनळीसाठी 85 वर. महाबळेश्वरला राहून पसरणीने उतरणार असाल तर थोडी सूट आहे, कारण पाचगणीपर्यंतच्या 19 किलोमीटरच्या चढउतारात 5 टक्के तसेही जातात.

अडचण अशी की एलएफपी गाड्यांत अधूनमधून 100 पर्यंत भरा असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. व्होल्टेज सपाट असल्यामुळे बीएमएसला मधल्या टप्प्यात किती चार्ज आहे ते नीट कळत नाही, टोकाला पोचल्यावरच त्याचा हिशोब जुळतो. ते काम घरी करा, घाटमाथ्यावर नको. चुकून 100 झालंच असेल तर निघण्याआधी पठारावरच आठ-दहा किलोमीटर फिरून या, निदान अर्ध्या घाटापुरती जागा होईल. पाचगणीत टेबललँड बघायला जाणारच असाल, तर खोळंबा नाही.

लोकलला आणि घाटातल्या इंजिनांना हा प्रश्न एवढा भेडसावत नाही, कारण त्यांचा परत आलेला करंट वरच्या तारेत जातो आणि जवळपास चढणारी दुसरी गाडी तो ओढून घेते. कुणी घेणारं नसेल तर छतावरच्या रोधकांत जाळायची सोयही काही इंजिनांत असते. आपल्या गाडीला तार नाही आणि रोधकही नाही.

माझी कंपनीकडे मागणी एवढीच आहे. बीएमएसला ‘कमाल चार्ज पॉवर’ दर क्षणाला माहीत असते. तो आकडा राखाडी पट्टीऐवजी किलोवॅटमध्ये स्क्रीनवर दाखवा, आणि शून्य असताना स्तर 3 निवडला तर एकदा बीप करा. सेन्सर नको, सुटा भाग नको, दोन ओळींचं सॉफ्टवेअर आहे. गेल्या दोन अपडेटमध्ये स्क्रीनला नवीन वॉलपेपर मिळाले, हे मिळालं नाही.

पाचपैकी चार. कापलेला एक त्या राखाडी पट्टीसाठी.